हळदीचा भाव इंग्लिशमध्ये पाठवताना ‘दशांश सरकवा’ची ट्रिक

“बाहेरच्या पार्टीला इंग्लिशमध्ये मेसेज टाकताना एकच ट्रिक लक्षात ठेवा. लाख असो का कोटी, दशांश एक घर सरकवायचा आणि मिलियन लिहायचं. क्विंटल तसंच राहू द्या, जगात सगळीकडं कळतं.”

असा सल्ला देणाऱ्यांनी अर्धंच सांगितलंय. एक घर सरकतं हे खरंय, पण कुठल्या बाजूला ते सांगा की राव. लाखाचं मिलियन करताना दशांश डावीकडं जातो आणि कोटीचं करताना उजवीकडं, म्हणजे ३६.२५ लाखाचं ३.६२५ मिलियन होतं आणि सव्वा कोटीचं १२.५ मिलियन. बाजू चुकली तर फरक दहापट पडत नाही, थेट शंभरपट पडतो. त्यात आपण बोलणार सव्वा, पावणेदोन, साडेतीन, म्हणून आधी ती रक्कम पूर्ण अंकात लिहून काढायची. पावणेदोन कोटी म्हणजे १,७५,००,०००, मग कॉमे पुसून उजवीकडून तीन-तीन अंकांवर परत टाकायचे, 17,500,000. अंक तेवढेच राहिले पाहिजेत, एक जरी कमी-जास्त झाला तर तिथंच थांबा.

आता क्विंटलचं. ते जगात सगळीकडं कळतंच असं नाही, म्हणून टनात सांगितलेलं बरं, आणि खरी गंमत इथंच आहे. समजा सांगलीतनं २५० क्विंटल हळद जाणार, भाव क्विंटलला १४,५०० रुपये, एकूण ३६,२५,०००. टनात सांगायचं तर माल दहानं भागायचा, २५ टन, पण भाव दहानं गुणायचा, टनाला १,४५,०००. बरेच जण माल बदलतात आणि भाव विसरतात, मग समोरचा २५ गुणिले १४,५०० करतो आणि त्याला सगळी हळद ३,६२,५०० ला दिसते. तो लगेच ‘डन’ म्हणणारच की! मेसेज पाठवायच्या आधी नवा माल गुणिले नवा भाव करून बघा, जुनाच एकूण आकडा आला पाहिजे.

आणि नुसतं टन पण लिहू नका. अमेरिकेतला साधा टन २,००० पौंडाचा, म्हणजे साधारण ९०७ किलोचा, आपला हजार किलोचा. २५ टनात सव्वादोन टनांपेक्षा जास्त फरक पडतो, वाद घालायला भरपूर झाला. म्हणून असं लिहा:

```
Turmeric: 25 metric tonnes (25,000 kg)
Rate: INR 145,000 per metric tonne
Total: INR 3,625,000 (3.625 million)
```

रुपयाच्या जागी INR टाकायचं कारण नुसतं Rs पाकिस्तान, श्रीलंका, नेपाळ सगळीकडंच चालतं.

बाकी सरसकट मिलियन करायची पण गरज नाही. पार्टी इंदूरची, ढाक्याची किंवा काठमांडूची असेल तर इंग्लिश मेसेजमध्ये 36.25 lakh बिनधास्त लिहा, तिथं हेच चालतं, उलट मिलियन वाचून तेच कॅल्क्युलेटर काढतील.