मयताच्या घरी चहाचा पुडा कसा ठेवावा

परवा एक मराठी सिनेमा पाहिला. नाव सांगत नाही, ज्यांनी पाहिला त्यांना कळेल. मध्यंतरानंतर वडील जातात. दहावा उरकलेला असतो. थोरला मुलगा स्वयंपाकघरात आईजवळ येऊन नुसता उभा राहतो. दोघंही गप्प. थिएटरात कोणीतरी नाक ओढलं, माझाही घसा दाटला होता. तेवढ्यात आईने फडताळातून चहाचा पुडा काढला, ओट्यावर ठेवला, लेबल बरोब्बर आमच्याकडे, आणि कंपनीसकट पूर्ण नाव घेऊन म्हणाली, ह्यांना हाच लागायचा. मागच्या रांगेतला एक जण फिस्सकन हसला. संपला शोक.

तेव्हा सिनेमा काढायच्या विचारात असलेल्या तमाम वाचकांसाठी हे थोडं मार्गदर्शन.

पटकथा पूर्ण झाली की ती दिग्दर्शकाला नंतर दाखवा, आधी इन-फिल्म ब्रँडिंग करणाऱ्या एजन्सीला द्या. तिथली माणसं फार मन लावून वाचतात. कथा नव्हे, वस्तू. नायक सकाळी उठतो, म्हणजे टूथपेस्ट. कामावर जातो, म्हणजे मोटारसायकल. बहिणीचं लग्न, म्हणजे दागिने. बाबांना अटॅक, म्हणजे विमा. अशी प्रसंगवार यादी होते आणि ती घेऊन एजन्सी कंपन्यांची दारं ठोठावते. एखाद्या कंपनीला द्यायला प्रसंगच नसेल तर घाबरू नका. प्रसंग लिहिता येतो, लेखक काय, तो लिहायलाच बसलेला असतो. नायकाचा धंदासुद्धा सोयीने ठरवता येतो. 2003 च्या ‘चलते चलते’मध्ये नायक ट्रक चालवणारा ट्रान्सपोर्टवाला आणि सोबतीला इंजिन ऑइलवाली कॅस्ट्रॉल. त्याच वर्षीच्या ‘बागबान’मध्ये अमिताभ निवृत्त होतात ते आयसीआयसीआय बँकेतून. बँक 1994 ची. प्रेक्षक रडत असताना असले हिशेब करत नाहीत.

पैसे कसे येतात हेही समजून घ्या. रोख फार थोडे निर्माते पाहतात. काही वेळा नुसती वस्तूच येते. गाड्या वापरायला मिळतात, हॉटेलात युनिटची सोय होते, तेवढा खर्च वाचतो. पण खरी मलई जाहिरातीत असते. कंपनी तुमच्या सिनेमाची दृश्यं आणि तुमचा नायक वापरून स्वतःची जाहिरात करते आणि ती स्वतःच्या पैशाने टीव्हीवर दाखवते. सिनेमाची प्रसिद्धी फुकटात. याचं जुनं आणि नावाजलेलं उदाहरण 1982 च्या ‘ई. टी.’चं. परग्रहावरच्या त्या पाहुण्याला आमिष दाखवायला गोळ्या हव्या होत्या. आधी एम अँड एम्सवाल्या मार्स कंपनीला विचारलं, ती नाही म्हणाली. मग हर्शीने आपल्या रीसेस पीसेस पुढे केल्या. गोळ्या पडद्यावर दाखवण्याबद्दल हर्शीने दमडी दिली नाही. तिने कबूल केलं ते दहा लाख डॉलर खर्चून सिनेमाची प्रसिद्धी करायचं, आणि बदल्यात ई. टी.ला स्वतःच्या जाहिरातीत वापरायचा हक्क घेतला. गोळ्यांचा खप धडाधड वाढला. आणि तिथे गोष्टीला गोळ्या खरोखरच लागत होत्या, हे विसरू नका. किंवा विसरा. आपल्याकडे विसरायचीच पद्धत आहे.

आता करार. तो नीट वाचा, कारण यापुढे तुमचा दिग्दर्शक तोच आहे. वस्तू किती सेकंद दिसणार, लेबल पूर्ण वाचता येणार की नाही, नायकाने ती हातात घ्यायची की ती नुसती मागे ठेवायची, नाव तोंडाने घ्यायचं का आणि किती वेळा, असं सगळं कलमवार असतं. मागे ठेवली तर भाव कमी, हातात घेतली तर जास्त, नाव घेतलं तर त्याहून जास्त. त्याच प्रकारची दुसरी कंपनी सिनेमात नको, हे कलम जवळपास नेहमी असतं. पैसे हप्त्याने मिळतात आणि शेवटचा हप्ता कंपनीच्या माणसाने कट पाहून मान डोलावल्यावर. म्हणून तर लेबल आमच्याकडे असतं हो! कोणत्या घरात पुडा असा ठेवतात? आमच्या घरी पुडा आणला की डब्यात ओततात आणि पिशवी जाते कचऱ्यात. डब्यावर लिहिलेलं असतं ‘साखर’, आत असतो चहा. आणि बोलताना कोण पूर्ण नाव घेतं? ‘चहा टाक गं’ म्हणतो आपण. ‘अमुक कंपनीचा तमुक गोल्ड टाक गं’ म्हणणारा नवरा आजवर जन्माला आलेला नाही. वाक्यात नाव असं उगवलं की समजायचं, ते लेखकाचं वाक्य नव्हे, कलम आहे. माणसाच्या चेहऱ्यावर असलेला फोकस अलगद वस्तूवर सरकला आणि क्षणभर तिथेच रेंगाळला, तरी तेच. त्या आईच्या चेहऱ्यावर काय चाललं होतं ते मला बघायचं होतं. बाई उत्तम काम करत होत्या. मला पुडा दाखवला.

खलनायकाला चांगला फोन देऊ नका. ॲपल सिनेमांना आयफोन वापरू देतं, पण दुष्टांच्या हाती नको म्हणतं, हे दिग्दर्शक रायन जॉन्सन यांनीच 2020 मध्ये सांगून टाकलं. त्यामुळे रहस्यपटात खुनी शोधायचा तर फोन बघत बसा.

ज्यांनी पैसे दिले नाहीत त्यांच्या लेबलांवर काळी टेप मारा.

सुरुवातीच्या आभाराच्या पाट्या इतक्या झरझर सरकवा की वाचता येऊ नयेत. पंधरा-वीस बोधचिन्हं एकाच फ्रेममध्ये, बारीक. कोणी काय दिलं, कशाबद्दल दिलं, हे सांगण्याची गरज नाही. चहावाले चहाप्रेमापोटी आभाराला पात्र झाले असतील.

पुरे झालं. आता सरळ बोलतो. मी तिकीट काढून आलो होतो. टीव्हीवर फुकटात बघतो तेव्हा जाहिराती सोसतो, तो सौदा मला माहीत असतो. इथे तुम्ही माझ्याकडून पैसे घेतलेत, आणि मी अंधारात बसलोय, बेसावध आहे, रडायला आलोय, हे सांगून मला पुन्हा चहावाल्याला विकलंत. वर त्याची पावतीही मला दाखवत नाही. पडद्यावर कोणी सिगारेट पेटवली की तळाशी पट्टी येते, सुरुवातीला आणि मध्यंतराला आरोग्याचा इशारा येतो, तंबाखूचा ब्रँड तर झाकावाच लागतो. म्हणजे पट्टी लावायचं तंत्र तुम्हाला येतं. ब्रिटनमध्ये 2011 पासून, पैसे घेऊन वस्तू दाखवणाऱ्या टीव्ही कार्यक्रमात सुरुवातीला, शेवटी आणि प्रत्येक जाहिरातीनंतर काही सेकंद ‘पी’ अक्षर दाखवावं लागतं. तिथेही थिएटरसाठी काढलेल्या सिनेमांना ते लागू नाही, ही पळवाट आहेच. पण निदान कोणाला तरी लाज वाटली.

तुम्हालाही वाटू द्या. पैसे घ्यायचे तर घ्या, मराठी सिनेमाचं बजेट मला माहीत आहे, मी काही आश्रमातून आलेलो नाही. पण सिनेमा सुरू होण्याआधी, मोठ्या अक्षरात, वाचता येईल इतका वेळ लिहा: या सिनेमात अमुक वस्तू पैसे किंवा प्रसिद्धी घेऊन दाखवल्या आहेत. आणि मयताच्या घरात कॅमेरा माणसांकडे ठेवा.