‘दोन तास’ म्हणजे दोन तासच

“एनईएफटी केलं, खात्यातून पैसे गेले, पण समोरच्याला मिळाले नाहीत? घाबरू नका, तीन ते सात कामाचे दिवस लागतात, त्यात शनिवार-रविवार धरायचे नाहीत. ॲपवर ‘सक्सेसफुल’ दिसतंय म्हणजे आपल्या बँकेचं काम संपलं. पुढचं समोरच्याने त्याच्या बँकेत बघावं.”

असा सल्ला सर्रास मिळतो, पण त्यातला कामाच्या दिवसांचा हिशेब जुना झाला. १६ डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी रविवारी आणि सुट्टीच्या दिवशीही चोवीस तास चालते. दर अर्ध्या तासाने एक बॅच निघते. त्या बॅचचा हिशेब पुरा झाल्यापासून दोन तासांत समोरच्या बँकेने पैसे जमा करायचे, आणि जमा करता येत नसतील तर तेवढ्याच वेळात परत पाठवायचे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

‘सक्सेसफुल’ या शब्दाने मीही फसलो होतो. मावसभावाच्या घरमालकाला डिपॉझिटचे ८०,००० रुपये शनिवारी सकाळी ११:१० ला पाठवले. साडेअकराची बॅच, म्हणजे दीडपर्यंत जमा व्हायला हवे होते. माझ्या ॲपवर हिरवी खूण होती, पण तिचा अर्थ एवढाच की माझ्या बँकेने पैसे पुढे सोडले. पैसे खरंच जमा झाले की समोरची बँक तसा निरोप उलट पाठवते आणि मग आपल्याला तारीख-वेळेसह दुसरा एसएमएस येतो. तो आला नव्हता. वाट बघायची ती त्या दुसऱ्या एसएमएसची.

मी माझ्याच बँकेकडे लेखी तक्रार केली. त्यात यूटीआर नंबर म्हणजे व्यवहाराचा ओळख क्रमांक, रक्कम, वेळ आणि ‘जमा झाल्याचा निरोप आला आहे का?’ हा एकच प्रश्न होता. व्यवहार त्यांच्यामार्फत झाला, तेव्हा विचारणाही त्यांनीच करायची. घरमालकाचं खातं एका छोट्या सहकारी बँकेत होतं. ती मोठ्या बँकेमार्फत एनईएफटीला जोडलेली होती आणि पैसे त्या मधल्या टप्प्यावर अडकले होते. सोमवारी दुपारी जमा झाले.

उशिराचं व्याजही मिळतं: रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो रेपो दर अधिक दोन टक्के, तेही न मागता. रेपो साडेपाच धरला तर ८०,००० वर दिवसाला सुमारे साडेसोळा रुपये होतात. न मागता मात्र ते आले नाहीत, लेखी मागितल्यावर दोन दिवसांचे ३३ रुपये आले.

एक मर्यादा मात्र खरी आहे. पैसे खातेक्रमांक पाहूनच जमा होतात. तुम्ही क्रमांक चुकवला आणि तो दुसऱ्या कुणाचा वापरात असलेला खातेक्रमांक निघाला, तर व्यवहार वेळेत पुराच झालेला असतो. तिथे हे व्याज नाही, आणि पैसे परत येणं त्या खातेदाराच्या संमतीवर अडतं. म्हणून आधी क्रमांक ताडून बघा, मग तक्रार करा. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. बँकेला आधी लेखी कळवल्याचा पुरावा तिथे लागतो.