पत्र पाठवण्याआधी मोठ्यानं वाचा, आणि वाचून झाल्यावर वारही तपासा

आज दुपारी डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय. लांब होणार आहे.

मे महिन्यात रक्ताची काय ओढाताण असते हे इथे वाचणाऱ्या बहुतेकांना माहीत आहे. कॉलेजं बंद, माणसं गावाला, त्यामुळे शिबिरं होत नाहीत. थॅलेसेमियाच्या मुलांना मात्र दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागतंच, त्यांना सुट्टी नसते. म्हणून आमचा गट एप्रिलमध्येच डोंबिवलीतल्या सोसायट्यांना पत्रं पाठवतो, की रविवारी तुमचा हॉल द्या. यंदा पत्रांचं काम एका नव्या मुलाकडे दिलं होतं. हुशार आहे, मनापासून करतो. आज त्यानं पाठवण्याआधी मसुदा मला पाठवला आणि खाली लिहिलं, "ताई, यादीतलं सगळं टिक केलंय. मोठ्यानं वाचायचं राहू दे ना आता, शाळा आहे का?"

पत्र तपासायची ती यादी मीच केलेली आहे. तारीख आहे का, वेळ आहे का, फोन आहे का, रक्तपेढीचं नाव आहे का. सगळ्याला टिक होती, आणि ती खरीही होती. पण पत्राचं पहिलं वाक्य असं होतं:

"आपल्या सोसायटीच्या सामाजिक बांधिलकीच्या उज्ज्वल परंपरेस अनुसरून, थॅलेसेमियाग्रस्त बालकांची रक्ताची वाढती गरज व उन्हाळी सुट्टीतील तुटवडा लक्षात घेता आमच्या गटातर्फे आयोजित करण्यात येणाऱ्या रक्तदान शिबिरासाठी आपले बहुमोल सहकार्य अपेक्षित आहे."

एका दमात वाचून बघा. मी उभी राहून वाचलं, "लक्षात घेता"पाशी श्वास संपला. सासूबाई कॉटवर बसून ऐकत होत्या. वाचून झाल्यावर त्यांनी एकच विचारलं, "मग त्यांनी करायचं काय?"

खरंच, करायचं काय? सेक्रेटरी रात्री साडेनऊला घरी येऊन व्हॉट्सॲपवर हे वाचणार. त्याला पैसे द्यायचेत, रक्त द्यायचंय, सभेला यायचंय की बॅनर लावू द्यायचंय? "बहुमोल सहकार्य" म्हणजे नेमकं काय? आम्हाला हॉल हवाय, आणि हॉल हा शब्द आला होता तिसऱ्या परिच्छेदात, जेवणाच्या पाकिटांच्या शेजारी. यादीत "मागणी आहे का" असं कलम होतं. मागणी होती, पण सापडत नव्हती, आणि ते यादीला कळत नाही.

यावर तो म्हणाला, "सेक्रेटरी लोकांना अशी भाषा आवडते." असतील काही. एखादे आजोबा "सादर प्रणाम" नसला तर रागावतात, हे मला मान्य आहे. मग प्रणाम घाला की वर, कोण नाही म्हणतंय! पण प्रणामानंतर दुसऱ्या ओळीत हॉल यायलाच हवा.

आता मी एवढी का तापतेय ते सांगते. जुन्या लोकांना ही गोष्ट माहीत आहे, तरी पुन्हा सांगते.

2019 साली शिबिर 12 मे रोजी होतं, रविवारी. आदल्या वर्षीचंही 12 मे रोजीच होतं, पण तेव्हा तो शनिवार होता. मी जुनं पत्र उघडलं, साल बदललं, शब्द नीट केले, दोनदा मोठ्यानं वाचलं. कानाला इतकं छान लागलं की मीच खूश झाले. पत्रात राहिलं, "शनिवार, 12 मे 2019". कोणाच्याच लक्षात आलं नाही. कान वाराला हरकत घेत नाही, "शनिवार, बारा मे" हे "रविवार, बारा मे" इतकंच सुरेल वाजतं.

आदल्या दिवशी, म्हणजे शनिवारी 11 तारखेला, सकाळी नऊ वाजता त्या सोसायटीच्या गेटवर अकरा माणसं उभी होती. हॉलला कुलूप. त्यात एक काका होते, चालत आले होते, सांगितल्याप्रमाणे भरपेट नाश्ता करून. वॉचमननं त्यांना खुर्ची दिली, तिथून त्यांनी मला फोन केला. आवाजात राग नव्हता. म्हणाले, "ताई, उद्या पुतणीचं लग्न आहे, उद्या नाही जमणार. आणि पुढच्या महिन्यात मला पासष्ट पूर्ण होतात." रक्तदानाची वयोमर्यादा पासष्ट आहे. वर्षानुवर्षं देणारा माणूस, ती त्यांची शेवटची वेळ ठरली असती. मी म्हटलं, आत्ता थेट रक्तपेढीत येता का, मी रिक्षा पाठवते. ते म्हणाले, "जाऊ द्या."

ते "जाऊ द्या" अजून ऐकू येतं मला.

म्हणून आज सकाळपासून दोन टोकांनी भांडतेय. हा मुलगा म्हणतो यादी झाली, वाचायला नको. 2019 मध्ये मी म्हणत होते वाचून झालंय, यादी कशाला. दोघंही चुकलो. यादी आणि वाचन वेगवेगळ्या चुका पकडतात. दमछाक, मागणी दडणं, तोंडावर बोलायला लाज वाटेल अशी वाक्यं, हे सगळं वाचताना सापडतं. वार, तारीख, नाव, नंबर हे वाचताना सापडत नाही, ते बोट ठेवूनच बघावं लागतं.

आणि क्रम आधी वाचन, मग यादी असाच हवा. वाचताना वाक्यं बदलतात, परिच्छेद वरखाली होतात, आणि त्या सरकवासरकवीत नवी चूक शिरते. शेवटचा शब्द बदलून झाला की मग यादी काढायची. त्यानंतर एक स्वल्पविराम जरी हलवला तरी यादी परत. कंटाळा येतो, माहीत आहे. वाचायला दहा मिनिटं, यादीला पाच. अकरा माणसांची सकाळ गेली होती तेव्हा.

वाचायचं कसं, तेही सांगते, कारण पुटपुटणं म्हणजे वाचन नव्हे. पहिल्यांदा आपण स्वतः वाचायचं, उभं राहून, समोर तो सेक्रेटरीच बसलाय असं समजून. मग मसुदा दुसऱ्याच्या हातात द्यायचा, ज्यानं तो पाहिलेला नाही अशाच्या, आणि आपण गप्प बसायचं. अजिबात समजावायचं नाही. फक्त पेन्सिलीनं खुणा करायच्या: कुठे अडखळला, कुठे मागे जाऊन परत वाचलं, कुठे लिहिलेला शब्द सोडून दुसराच बोलला. आज आमच्या ह्यांनी "उपलब्ध करून देण्यात यावे" हे सरळ "द्यावा" असं वाचलं, त्यांना कळलंही नाही. मी तिथे "द्याल का" लिहिलं. तोंडाला जे आपोआप येतं तेच बहुतेक वेळा बरोबर असतं. वाचून झालं की ऐकणाऱ्याला तीन गोष्टी विचारायच्या: काय मागितलंय, कधी, आणि हो म्हणायचं तर काय करायचं. एकाचंही उत्तर अडलं तर पत्र जात नाही.

दुपारभर बसून आम्ही ते असं केलं:

"नमस्कार. रविवार, 17 मे रोजी रक्तदान शिबिरासाठी तुमच्या सोसायटीचा हॉल सकाळी 9 ते दुपारी 1 मिळेल का? रक्तपेढीचे डॉक्टर, खाटा आणि नाश्ता आम्ही आणू, जाताना हॉल झाडून देऊ. तुमच्याकडून फक्त हॉल, वीज आणि गाडी लावायला जागा हवी आहे. गुरुवार, 7 मेपर्यंत या नंबरवर हो किंवा नाही एवढंच कळवा."

त्याखाली मुलांबद्दल दोन ओळी. मुलगा थोडा हिरमुसला. त्याला वाटलं त्याची वाक्यं गेली. मुलांबद्दलच्या त्या दोन ओळी त्याच्याच आहेत आणि पत्रातल्या सगळ्यात चांगल्या आहेत, हे मी त्याला सांगायला विसरले. इथे सांगते.

मग यादी. वार तपासताना भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवायचं, फोनमध्ये बघून "हो हो" नाही. बोट 17 वर आणि तोंडानं "रविवार". नंबर डोळ्यांनी ताडून बघायचा नाही, मसुद्यातला नंबर दाबून फोन लावायचा आणि वाजतो कोणाचा ते बघायचं. आज लावला तर माझ्याऐवजी एका अनोळखी बाईंनी उचलला. एक आकडा उलटा झाला होता, आणि यादीत त्याच्यापुढे टिक होती! सेक्रेटरी बाई आहेत का पुरुष, हे विचारून घ्यायचं, गेल्या वर्षी एका बाईंना "श्री." लिहून गेलंय आमच्याकडून, आणि त्या सोसायटीचं उत्तर आलं नाही. शेवटी पत्रात इतर सोसायट्यांची नावं शोधायची, कारण एकाच मसुद्यावरून दहा पत्रं निघतात आणि चौथ्या पत्रात तिसऱ्याचं नाव राहतंच.

आता कोणीतरी लिहील, रात्री बाराला कोणाला बी निगेटिव्ह हवं असेल तेव्हा काय उभं राहून वाचत बसायचं का? नाही. तिथे वेळ नसतो, मान्य. पण तेव्हाही तारीख, रुग्णालय आणि नातेवाईकाचा नंबर एवढं तरी बघून पाठवा. तारीख नसलेले ते "तातडीने" मेसेज वर्षानुवर्षं फिरतात. त्या मुलाचं ऑपरेशन केव्हाच झालेलं असतं आणि त्याच्या बापाला अजून फोन येत असतात. एकदा अशा एका बापाशी मी बोललेय. त्यांनी मलाच धीर दिला.

लिहितालिहिता राग उतरलाय बहुतेक. मुलावर नव्हताच तसा. त्या शनिवारचा आहे.

पुरुषांना तीन महिन्यांनी, बायकांना चार महिन्यांनी रक्त देता येतं. फेब्रुवारीत ज्यांनी दिलंय ते आपल्यातले पुरुष 17 मेच्या सुमारास परत देऊ शकतील, पण तारीख मोजून या. वजन किमान 45 किलो, हिमोग्लोबिन किमान साडेबारा, ते तिथेच तपासतात. आणि काका, तुम्ही हे वाचत असाल तर तुमच्या पुतणीचं लग्न कसं झालं ते मला कधी विचारताच आलं नाही.

पहिलं पत्र साडेचारला गेलं. मुलाचा आत्ता मेसेज आलाय, दुसऱ्या सोसायटीचं तयार आहे, ऐकायला कोणी जागं आहे का. सासूबाई जाग्या आहेत. फोन स्पीकरवर ठेवलाय.