२७ चा २/३ वा घात ९ आहे, १८ नव्हे

"घातांकाची भीती घालवा, फक्त चार नियम! (१) घात अपूर्णांक असेल तर संख्येला त्या अपूर्णांकाने गुणा: ४^(१/२) = २, २७^(२/३) = १८. (२) घात ऋण असेल तर उत्तर ऋण: १०^(−३) = −१०००. (३) नेहमी आधी घात करा, मूळ नंतर काढा. (४) मूळ पूर्ण निघत नसेल तर कॅल्क्युलेटरशिवाय काहीही करता येत नाही. सर्व विद्यार्थ्यांना पाठवा."

हा संदेश गेल्या आठवड्यात माझ्या भाचीच्या वहीपर्यंत पोहोचला. नववीत शिकणाऱ्या या मुलीने २७^(२/३) चे उत्तर आधी ९ असे बरोबर लिहिले होते, आणि संदेश वाचल्यावर ते खोडून तिने १८ केले होते. तिला रीत येत होती आणि या चार ओळींनी ती मोडली, याचा मला मनापासून राग आला आहे, म्हणून हे लिहितो आहे.

पाठवणाऱ्यांपैकी एकानेही पहिला आणि तिसरा नियम शेजारी ठेवून पाहिलेला दिसत नाही. तिसऱ्या नियमाप्रमाणे आधी २७ चा वर्ग करा: ७२९. मग त्याचे घनमूळ काढा: ९ × ९ × ९ = ७२९, म्हणून उत्तर ९. पहिल्या नियमाने त्याच उदाहरणाचे उत्तर १८ येते. एकाच संदेशातले दोन नियम एकाच संख्येची दोन वेगळी उत्तरे देत असतील, तर त्यातला एक तरी खोटा असलाच पाहिजे. खोटा आहे तो पहिला.

त्याचे कारण घातांकाच्या अगदी पहिल्या नियमात आहे. पाया सारखा असलेल्या संख्यांचा गुणाकार करताना घातांकांची बेरीज होते. मग २७^(१/३) या संख्येला स्वतःशी तीनदा घेऊन गुणले, तर घातांकांची बेरीज १/३ + १/३ + १/३ म्हणजे १ होते आणि गुणाकार २७ यायला हवा. अशी संख्या ३ आहे, कारण ३ × ३ × ३ = २७. संदेशाच्या नियमाने ती २७ ÷ ३ म्हणजे ९ ठरेल, पण ९ तीनदा घेऊन गुणल्यास ७२९ येतात, २७ येत नाहीत. घातांकातला छेद कोणते मूळ काढायचे ते सांगतो आणि अंश त्या मुळाचा कितवा घात करायचा ते सांगतो. २७ चे घनमूळ ३, त्याचा वर्ग ९. उत्तराची शंका आली तर त्याचा घन करून पाहावा, तो २७ च्या वर्गाइतका म्हणजे ७२९ आला पाहिजे. १८ चा घन ५८३२ आहे.

तरीही हा नियम पसरतो, कारण संदेशात दिलेले ४^(१/२) = २ हे उदाहरण खरोखर बरोबर आहे. ४ चे वर्गमूळ २ आणि ४ ची निमपटही २. हा योगायोग आहे, आणि तो एकटा नाही. (२७/८)^(२/३) घ्या: २७/८ चे घनमूळ ३/२, त्याचा वर्ग ९/४, आणि २७/८ × २/३ हेही ९/४ च. १ सोडून कोणताही धन घातांक घेतला, तर गुणाकार आणि घात यांचे उत्तर जुळेल अशी धन संख्या नेमकी एकच असते. १/२ साठी ती ४ आहे, २/३ साठी ती २७/८ आहे. संदेशकर्त्याला पडताळ्यासाठी नेमके ४ सापडले. त्याने ९ घेतले असते, तर ९ चे वर्गमूळ ३ आणि ९ ची निमपट साडेचार, आणि नियम तिथेच कोसळला असता.

एक अर्धसत्य मात्र मान्य करावे लागेल. अपूर्णांकाने गुणायचे असतेच, फक्त गुणाकार घातांकाशी होतो, पायाशी होत नाही. २७ म्हणजे ३^३. त्या ३ या घातांकाला २/३ ने गुणले की २ येतात, म्हणून उत्तर ३^२ म्हणजे ९. मोठ्या संख्यांसाठी यापेक्षा सोपी वाट मला माहीत नाही. १७२८^(२/३) पाहिल्यावर घनमूळ आठवत नसेल, तर मूळ अवयव पाडावेत: १७२८ = २^६ × ३^३. दोन्ही घातांकांना २/३ ने गुणा, २^४ × ३^२ मिळेल, म्हणजे १६ × ९ = १४४. भाचीच्या वहीत हे एवढेच लिहून दिले आणि पुढची चार उदाहरणे तिने स्वतः सोडवली.

आता दुसरा नियम, जो मला चारांत सर्वांत घातक वाटतो. पहिल्या नियमाची चूक पडताळा घेताच पकडली जाते. दुसऱ्याची चूक मात्र मनात घर करते, कारण घातांकातले ऋण चिन्ह आणि उत्तरातले ऋण चिन्ह ही एकच गोष्ट आहे असे एकदा वाटू लागले की ते पुढे विज्ञानाच्या तासालाही सोबत जाते. नॅनोमीटर म्हणजे १०^(−९) मीटर. या नियमाने ती उणे शंभर कोटी मीटर इतकी लांबी होईल! लांबी ऋण असते असे कोणी म्हणणार नाही, पण हा संदेश पाठ केलेला मुलगा परीक्षेत तेच लिहून येईल.

खरे काय होते ते २७ च्याच घातांची उतरंड मांडून दिसते. घातांक प्रत्येक पायरीला १/३ ने कमी करत जाऊ.

२७^१ = २७
२७^(२/३) = ९
२७^(१/३) = ३
२७^० = १
२७^(−१/३) = १/३
२७^(−२/३) = १/९

घातांक १/३ ने उतरला की संख्या दर वेळी ३ ने भागली जाते. २७ वरून ९, ९ वरून ३, ३ वरून १, आणि तिथून पुढेही तीच रीत चालू राहते: १ ला ३ ने भागले की १/३. घातांक शून्याखाली गेला म्हणून पायरीची रीत बदलण्याचे काही कारण नाही. एका धन संख्येला ३ ने कितीही वेळा भागत राहिले तरी ती लहान लहान होत जाईल, पण शून्याच्या पलीकडे कधी जाणार नाही. ऋण घातांक व्यस्त संख्या देतो, ऋण संख्या देत नाही. याचाही पडताळा सोपा आहे. ८^(२/३) म्हणजे ४. त्याला ८^(−२/३) ने गुणले तर घातांकांची बेरीज शून्य होते, म्हणून गुणाकार १ यायलाच हवा. ४ × १/४ = १ येतो. संदेशाच्या पद्धतीने ४ पुढे नुसते ऋण चिन्ह लावले तर गुणाकार −१६ येतो.

"हे नियम कोणीतरी नंतर ठरवले असतील, आम्ही वेगळे ठरवू," असेही मला एकाने ऐकवले. लेखनाची पद्धत माणसांनीच ठरवली हे खरे आहे, पण कशी ठरवली ते पाहावे. १३ जून १६७६ रोजी न्यूटनने जर्मन गणिती लायब्निझपर्यंत पोहोचवण्यासाठी लंडनच्या रॉयल सोसायटीचे सचिव ऑल्डनबर्ग यांना पत्र लिहिले. बीजगणित करणारे ज्याअर्थी एखादी संख्या दोनदा, तीनदा घेऊन केलेल्या गुणाकारासाठी घातांक २, ३ लिहितात, त्याअर्थी मी वर्गमुळासाठी १/२ आणि व्यस्त संख्येसाठी −१, वर्गाच्या व्यस्तासाठी −२ असे घातांक लिहितो, अशा आशयाचे स्पष्टीकरण त्यात आहे. म्हणजे पूर्णांक घातांकांची रीत पुढे अखंड चालावी म्हणून हे लेखन आले. संदेशातले पहिले दोन्ही नियम नेमकी तीच रीत तोडतात.

अपूर्णांक आणि ऋण चिन्ह एकत्र आले की मुले गडबडतात, म्हणून एक उदाहरण पूर्ण करतो: (१६/८१)^(−३/४). आधी ऋण चिन्ह संपवावे, म्हणजे पाया उलटा करावा: (८१/१६)^(३/४). छेद ४ आहे, म्हणून चौथे मूळ: ८१ चे ३ आणि १६ चे २, मिळून ३/२. अंश ३ आहे, म्हणून घन: २७/८. पाया १ पेक्षा लहान होता आणि घातांक ऋण होता, तेव्हा उत्तर १ पेक्षा मोठे येणे अपेक्षितच होते. उत्तर १ च्या कोणत्या बाजूला पडायला हवे, एवढे आधी मनाशी ठरवले तरी बऱ्याच चुका टळतात.

तिसऱ्या नियमाबद्दल थोडक्यात. पाया धन असेल तर दोन्ही क्रमांनी उत्तर एकच येते, त्यामुळे हा नियम चुकीचा नाही, पण "नेहमी" हा शब्द त्रासदायक आहे. ३२^(४/५) साठी आधी चौथा घात केला तर १०,४८,५७६ येतात आणि त्यांचे पाचवे मूळ शोधत बसावे लागते. आधी मूळ काढले तर २, आणि २ चा चौथा घात १६. हातांनी सोडवताना मूळ आधी काढणेच शहाणपणाचे आहे. पाया ऋण असताना मात्र जपावे लागते. −८ चे घनमूळ −२ आहे, पण त्याच १/३ ला २/६ असे लिहून आधी वर्ग केला तर ६४ चे सहावे मूळ २ येते. म्हणूनच पुस्तके अपूर्णांक घातांकांचे नियम धन पायासाठीच सांगतात, आणि ती अट गाळून नियम पुढे पाठवू नये.

चौथ्या मुद्द्यात एवढे खरे आहे की ३ च्या घनमुळाचे दशांश रूप हवे असेल तर ते हाताने काढणे कंटाळवाणे आहे. पण प्रश्न सरळ रूप देण्याचा असतो, दशांशाचा नसतो. ७२^(२/३) घ्या. ७२ चे घनमूळ पूर्ण निघत नाही. अवयव पाडले की ७२ = २^३ × ३^२, आणि घातांकांना २/३ ने गुणल्यावर २^२ × ३^(४/३) मिळतात. ४/३ म्हणजे १ आणि १/३, म्हणून एक ३ बाहेर येतो: ४ × ३ × ३^(१/३), म्हणजे १२ गुणिले ३ चे घनमूळ. उत्तर इथेच पूर्ण झाले. अंदाज हवा असल्यास १.४ चा घन २.७४४ आणि १.५ चा घन ३.३७५, म्हणून ३ चे घनमूळ या दोहोंच्या मध्ये आणि आपली संख्या १६.८ ते १८ च्या दरम्यान आहे. पडताळाही कागदावरच होतो: १२ चा घन १७२८, त्याला ३ ने गुणले की ५१८४, आणि ७२ चा वर्गही ५१८४ च आहे.