हॅमर नापास होऊ नये म्हणून घ्यायची काळजी

कॅण्डलस्टिक पॅटर्नमध्ये खरोखर काही दम आहे का, हे आकड्यांनी तपासायचा किडा तुमच्या डोक्यात शिरलाच असेल, तर निकाल आधी ठरवून घ्या. मग तपासणी अंगाला लागते. उदाहरणाला हॅमर घेऊ: शेअर काही दिवस घसरतो, एके दिवशी आणखी खाली जातो आणि संध्याकाळपर्यंत सावरून दिवसाच्या उच्चांकाजवळ बंद होतो. चार्टवर छोटी बॉडी दिसते, म्हणजे ओपन ते क्लोजचा जाड भाग, आणि खाली लांब शॅडो, म्हणजे लोपर्यंत गेलेली बारीक रेघ. ‘खरेदीदार परत आले’ असं म्हणायची पद्धत आहे, तुम्हीही म्हणा.

पहिली काळजी: व्याख्या कागदावर उतरवू नका. लोअर शॅडो बॉडीच्या किमान दुप्पट हवी, अपर शॅडो नगण्य हवी, इतकं सगळेच सांगतात. पण नगण्य म्हणजे दिवसाच्या रेंजच्या ५ टक्के की १५? घसरण म्हणजे १० दिवसांत ५ टक्के, की २० दिवसांच्या सरासरीच्या खाली? हे आकडे मोकळे ठेवले की निकाल बघून ते हवे तसे सरकवता येतात. टीए-लिब ही पॅटर्न ओळखणाऱ्या तयार फंक्शनांची लायब्ररी वापरणार असाल तर `CDLHAMMER` चालवून द्या. ते फंक्शन कॅण्डलचा आकार बघतं, बॉडी आदल्या दिवसाच्या लोजवळ आहे का तेही बघतं, पण त्याआधी मंदी होती का हे अजिबात बघत नाही. तसं त्याच्या सोर्स कोडमधल्या टिपेत लिहिलेलंही आहे, पण ती टीप कोणी वाचत नाही, तुम्हीही वाचू नका. वर एक सोय आहेच. हाच आकार तेजीनंतर आला तर त्याचं नाव हॅंगिंग मॅन, आणि अर्थ नेमका उलटा. म्हणजे भाव कुठेही गेला तरी आधीच सांगून ठेवल्याचं पुण्य पदरी पडतं.

आता रिटर्न मोजायचा. इथे बरेच जण हातातली संधी घालवतात. समजा हॅमरच्या दिवशी ओपन ९९, हाय १००.३, लो ९४, क्लोज १००. बॉडी १ रुपया, लोअर शॅडो ५, अपर शॅडो ०.३. अगदी नमुनेदार. रिटर्न लोपासून मोजा. ९४ वरून १०० म्हणजे जवळपास ६.४ टक्के, आणि पुढचे पाच दिवस भाव जागचा हलला नाही तरी हा नफा पक्का. हॅमर ठरण्यासाठीच लो क्लोजच्या बराच खाली असावा लागतो, त्यामुळे हा डाव सहसा फसत नाही. कोणी हरकत घेतलीच तर क्लोजवर या. क्लोज झाल्याशिवाय हॅमर झाला की नाही हेच कळत नाही, मग त्याच क्लोजला खरेदी कशी केली, असं विचारणारे फार थोडे असतात. त्या थोड्या लोकांचा कोड ओळखीपुरता बघून ठेवा:

```python
g = df.groupby("symbol")
df["fwd5"] = g["close"].shift(-5) / g["open"].shift(-1) - 1
```

दुसऱ्या दिवशीच्या ओपनला खरेदी, पाचव्या दिवशीच्या क्लोजला विक्री. `groupby` का, तर नाहीतर एका शेअरच्या शेवटच्या ओळीला पुढच्या शेअरचा भाव चिकटतो आणि काही रिटर्न शेकडो टक्क्यांचे निघतात. तसे निघाले तर ते काढू नका, सरासरीला हातभारच लागतो.

आता खरा सोहळा. समजा २०० शेअर, २० वर्षं, रोजचा डेटा: साधारण १० लाख ओळी. त्यात ६००० हॅमर सापडले. पाच दिवसांचा सरासरी रिटर्न ०.५२ टक्के, प्रमाण विचलन ५.५ टक्के. ५.५ ला ६००० च्या वर्गमुळाने भागा, प्रमाण त्रुटी ०.०७ येते. ०.५२ भागिले ०.०७, म्हणजे टी सातच्या वर. इथे थांबा, चार्टचा स्क्रीनशॉट काढा आणि कोणाचाही प्रश्न घेऊ नका.

कारण पहिलाच प्रश्न येईल तो असा: कोणत्याही दिवशी डोळे मिटून घेतलं असतं तर? शेअर दीर्घकाळात वर जातात म्हणून त्यांच्यात पैसे टाकतात, तेव्हा सगळ्याच दिवसांचा पाच दिवसांचा सरासरी रिटर्न शून्य नसतो. आपल्या उदाहरणात तो समजा ०.२५ आहे. म्हणजे हॅमरच्या वाट्याला उरले ०.२७. अजूनही टी चारच्या जवळ आहे, त्यामुळे एवढं मोठ्या मनाने मान्य करा. त्यातून तुम्ही निःपक्षपाती दिसता.

मात्र दुसरा प्रश्न कोणत्याही परिस्थितीत येऊ देऊ नका. तो असा: तुम्ही कॅण्डल तपासताय की घसरण? हॅमरच्या व्याख्येत आधीची घसरण बसलेलीच आहे, आणि जोरात पडलेले शेअर पुढचे काही दिवस थोडे सावरतात हे कॅण्डलच्या आकाराशिवायही बऱ्याचदा दिसतं. मग तुलना सगळ्या दिवसांशी करून चालत नाही. ती करायची तितकेच पडलेल्या, पण त्या दिवशी हॅमर न बनलेल्या शेअरांशी, आणि तीही त्याच तारखेला. बहुतेक पॅटर्न मरतात ते याच टप्प्यावर, टी-टेस्टच्या बारकाव्यांत नाही. आपल्या उदाहरणात अशा बिनहॅमरच्या शेअरांची सरासरी समजा ०.४६ निघाली. उरले ०.०६. हॅमरने कमावले असं वाटलेल्यातलं बहुतेक सगळं आधीच्या घसरणीने कमावलेलं होतं. ‘कावळा बसायला आणि फांदी तुटायला’ ही म्हण अशा वेळी कोणी ऐकवली तर विषय बदला.

त्याच तारखेचा हट्ट कशासाठी, हेही कळून घ्या, म्हणजे तो नीट टाळता येईल. हॅमर एकेकटे येत नाहीत. बाजार सकाळी कोसळून दुपारी सावरला की त्या एका दिवशी ६० शेअरांवर एकदम हॅमर उमटतात. पुढचे पाच दिवस ते सगळे बाजाराबरोबरच वर किंवा खाली जातात. तुमच्या फाइलमध्ये त्या ६० ओळी आहेत, घटना मात्र जवळपास एकच. ६००० हॅमर समजा ९०० तारखांत मावत असतील, तर तुमच्याकडे स्वतंत्र पुरावे फार तर ९०० आहेत. खरं तर त्याहूनही कमी, कारण लागोपाठच्या तारखांच्या पाच दिवसांच्या खिडक्या एकमेकींवर चढतात. त्याच तारखेच्या शेअरांशी तुलना केली की बाजाराची सामायिक हालचाल वजा होते आणि प्रत्येक तारखेला फरकाचा एकच आकडा उरतो. या ९०० फरकांचं प्रमाण विचलन समजा ३ टक्के आणि सरासरी तीच ०.०६. ३ भागिले ३० म्हणजे त्रुटी ०.१. ०.०६ भागिले ०.१ म्हणजे टी ०.६. सातवरून इथवर येताना डेटातली एकही ओळ बदललेली नाही. म्हणून सांगतो, ६००० हाच आकडा मोठ्या अक्षरात छापा.

सूत्रांवर विश्वास नसलेले लोक याहून त्रासदायक काम करतात. प्रत्येक तारखेच्या पडलेल्या शेअरांत ‘हॅमर’ ही चिठ्ठी फिरवतात: त्या दिवशी सात हॅमर असतील तर पडलेल्यांपैकी कोणत्याही सातांना ती लावतात, पुन्हा सरासरी फरक काढतात, आणि हे हजारदा करतात. आपल्या उदाहरणात अशा हजारपैकी साधारण २७० फेऱ्यांत नुसत्या चिठ्ठ्यांनीच ०.०६ किंवा जास्त कमावलेलं दिसेल. या फेऱ्यांचा हिस्टोग्राम चुकूनही काढू नका. त्यात तुमच्या हॅमरची रेघ गर्दीत उभी असते.

वितरणाचा विषय निघालाच तर केएस चाचणीचा आसरा घ्या. दोन वितरणं वेगळी आहेत का, एवढंच ती सांगते, आणि ती बहुधा होच म्हणेल. हॅमर म्हणजे मोठ्या रेंजचा दिवस. असे दिवस चंचल काळात येतात आणि पुढचे पाच दिवसही चंचलच असतात. परिणामी वितरण दोन्ही बाजूंना ताणलं जातं: वरचा ९५ वा पर्सेंटाइल आणखी वर, खालचा ५ वा आणखी खाली, मध्यक मात्र जवळपास जागच्या जागी. पी-व्हॅल्यू ०.००१ आली की ‘फरक सिद्ध’ असं लिहा. कोणत्या दिशेने ते लिहायची गरज नाही. प्रत्येक रिटर्नला त्या शेअरच्या आदल्या २० दिवसांच्या सरासरी रेंजने भागलं तर हा ताण बराचसा निघून जातो, म्हणून भागू नका.

हॅमर एवढं करूनही साथ देत नसेल तर दुसरा पॅटर्न घ्या. टीए-लिबमध्ये कॅण्डलची ६१ फंक्शनं आहेत. प्रत्येक १, ३, ५, १० आणि २० दिवसांवर तपासलं की ३०५ चाचण्या झाल्या. एकातही काही दम नसला तरी ५ टक्क्यांच्या कसोटीवर सरासरी १५ पास होतात. त्या १५ पैकी सर्वात देखण्याचं नाव लेखाच्या शीर्षकात घाला, उरलेल्या ३०४ चा उल्लेख टाळा. एखादा जुन्या वळणाचा वाचक ०.०५ ला ३०५ ने भागून ०.०००१६ मागेल. त्याला सांगा की बाजार हे गणित नाही. २००६ मध्ये मार्शल, यंग आणि रोझ यांनी डाउ जोन्सच्या शेअरांवर १९९२ ते २००२ चा डेटा घेऊन बूटस्ट्रॅपने कॅण्डलच्या नियमांची तपासणी केली आणि त्यांना त्यात फायदा आढळला नाही, हे त्याने काढलंच, तर त्यांनी तुमचा हॅमर तपासला नव्हता असं म्हणा. तुमच्या व्याख्येचे आकडे कोणालाच माहीत नसल्यामुळे हे खोडून काढता येत नाही.

शेअरांची यादी आजच्या निर्देशांकातूनच उचला. जे हॅमर बनवून बनवून शेवटी शून्यावर गेले ते तिथे नसतात. खर्चाचं तर बोलूच नका. खरेदी-विक्रीचा मिळून ०.१ टक्का धरला तरी ०.०६ त्यात बुडून वर काही उरत नाही.

आणि शेवटचा, मुरलेल्यांचा उपाय: ‘कन्फर्मेशन’. नुसता हॅमर पुरेसा नाही, दुसऱ्या दिवशीचा क्लोज हॅमरच्या हायच्या वर हवा, अशी अट घाला. आता यादीत तेच हॅमर उरले ज्यांचा पहिला दिवस वर गेला. रिटर्न मात्र हॅमरच्या क्लोजपासूनच मोजत राहा, म्हणजे अटीने निवडलेला तो चढही नफ्यात जमा होतो. जिंकण्याचं प्रमाण एका ओळीच्या कोडने टुणकन वर उडी मारतं. प्रत्यक्षात अट पूर्ण झाल्याचं दुसऱ्या दिवसाच्या क्लोजलाच कळतं आणि खरेदी तिसऱ्या दिवशीच्या ओपनला होते. वरच्या कोडमध्ये `shift(-1)` च्या जागी `shift(-2)` आणि `shift(-5)` च्या जागी `shift(-6)` घालून हे कोणीही एका मिनिटात तपासू शकतं, तेव्हा निकाल देताना एक्सेल फाइल देऊ नका, चित्र द्या.