निवळी निवळली

शनिवारी लेकीच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं. विषय ‘वायूंची ओळख’, आणि मदतनीस म्हणून मी. आज बुधवार आहे, तरी मला अजून झोपताना ती निवळी दिसते.

पहिले तीन वायू शहाण्यासारखे वागले. जस्तावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल घालून परीक्षानळीत हायड्रोजन धरला, तोंडाशी पेटती काडी नेली, ‘फट्’ झालं. (तो हवेत मिसळला की फटकन वाजतो. निव्वळ हायड्रोजन असेल तर मुकाट जळतो, हे लोकांना पटत नाही. त्यांना फटाकाच हवा असतो.) ऑक्सिजनच्या नळीत नुसतं टोक लाल असलेली काडी सोडली, ती भडकली. नवसागर आणि चुना एकत्र गरम केल्यावर अमोनिया आला, त्यानं ओला तांबडा लिटमस निळा केला. कोरडा कागद धरून ‘काही होत नाही’ म्हणणारे दोन पालक येऊन गेले. कागद ओलाच लागतो, पण ते असो.

राहिला कार्बन डायऑक्साइड. आणि राहिले सफारीवाले काका.

हे काका कोणाचे, ते शेवटपर्यंत कळलं नाही. संगमरवराच्या तुकड्यांवर आम्ल पडून निघालेला वायू नळीतून चुन्याच्या निवळीत बुडबुडत होता. निवळी पाहता पाहता दुधाळ झाली.

“अरे वा! दूध!” काका म्हणाले.

“कॅल्शियम कार्बोनेट आहे, काका,” लेक म्हणाली. “त्याचे बारीक कण पाण्यात तरंगतात.”

“तेच ते. अजून सोड.”

“बास, एवढंच दाखवायचं असतं.”

“एवढ्यावर का थांबायचं? दही होऊ दे की!”

असं म्हणून त्यांनी माझ्या हातातली ड्रॉपर घेतली. घेतली म्हणजे, मागितली नाही. मी “अहो, अहो” म्हणेपर्यंत दोनदा आम्ल टाकून झालं होतं. संगमरवर फसफसला, बुडबुडे सुसाट सुटले. काका तल्लीन. आमच्या मागे रांग लागली, एका आजींनी “प्रसाद आहे का?” असं विचारलं. आणि दूध पातळ होऊ लागलं. मग ताकासारखं. मग नळाच्या पाण्यासारखं.

वायू जास्त झाला की तेच कार्बोनेट पाणी आणि आणखी कार्बन डायऑक्साइड घेऊन कॅल्शियम बायकार्बोनेट होतं, आणि ते विरघळतं. पुस्तकातही असतं हे. पण खरा गुन्हा माझा. चुना लिटरभर पाण्यात जेमतेम पावणेदोन ग्रॅमच विरघळतो. अशी पूर्ण ताकदीची निवळी असती तर काकांनी संध्याकाळपर्यंत वायू सोडला असता तरी ती पुरती निवळली नसती, कारण एवढ्या सगळ्या चुन्याचं बायकार्बोनेट त्या पाण्यात मावतच नाही. पण बाटली दिवसभर पुरावी म्हणून मी सकाळी एका कपाला तीन कप पाणी घातलं होतं. काटकसर! पानाच्या टपरीवरचा पाच रुपयांचा चुना होता हो तो.

परीक्षक नेमके त्या क्षणी आले. तेव्हा चंचुपात्रात स्वच्छ, पारदर्शक, निष्पाप पाणी होतं.

“यात काय दाखवलंय?”

“आधी दुधाळ झाली होती, सर,” लेक म्हणाली.

“झाली होती. मी पाहिलं!” काका म्हणाले. त्यांच्या साक्षीनं संशय वाढलाच.

मी म्हटलं, “सर, उकळून दाखवतो. कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कार्बोनेट परत खाली बसतं.” स्पिरिटचा दिवा पेटवायला घेतला. काडी पेटेपर्यंत सर पुढच्या टेबलावर होते. मी आजवर बऱ्याच ठिकाणी ताटकळलोय, पण निवळीला पाच मिनिटं न देणारा माणूस पहिल्यांदा पाहिला.

पुढच्या टेबलावर ज्वालामुखी होता. खायचा सोडा, व्हिनेगर, लाल रंग. टाळ्या. पहिलं बक्षीस. त्या फेसात होता तोच वायू, आमचाच, पण तो ओळखायचा कसा, हे त्यांनी कुठंही लिहिलं नव्हतं. कोणी विचारलंही नाही. रंग छान होता म्हणे.

सगळे फोटोसाठी गेल्यावर लेकीनं दप्तरातून मूळ, न पातळ केलेली निवळी काढली. काचेच्या कांडीच्या टोकावर एक थेंब घेतला आणि ज्वालामुखीच्या तोंडाशी धरला. थेंब हळूहळू पांढुरका झाला.

बघायला मी होतो. आणि मागून आवाज आला,

“बाळ, अजून थोडा वेळ धर.”