लाल पट्टी दिसली की बटण दाबा

तुम्ही दीर्घ मुदतीचे गुंतवणूकदार आहात ना? मग उद्यापासून सकाळी साडेसहाला उठा. तिकडे गुजरातेत गिफ्ट निफ्टीचे, म्हणजे आपल्या निफ्टी निर्देशांकावरच्या वायद्याचे, सौदे त्याच वेळी सुरू होतात. तुमचे पैसे २०४० साली मुलीच्या शिक्षणाला लागणार असतील, पण आज साडेसहाला तो चाळीस अंश खाली आहे हे कळल्याशिवाय चहा घशाखाली उतरणार कसा? रात्री अमेरिकेचा बाजार बंद होईपर्यंत जागायचं, म्हणजे उन्हाळ्यात दीड, हिवाळ्यात अडीच वाजतात. मधल्या चार-पाच तासांत झोप. पंधरा वर्षांची गुंतवणूक म्हणजे काय खेळ आहे?

सव्वानऊला बाजार उघडला की टीव्हीची लाल पट्टी वाचायची. तीवर अंश लिहिलेले असतात. त्यांचे टक्के काढायच्या भानगडीत पडू नका. आमच्या तळमजल्यावरचे काका, बँकेतून निवृत्त झालेले, काढतात. २८ एप्रिल १९९२ ला सेन्सेक्स ५७० अंशांनी पडला, तेव्हा बाजाराचा जवळजवळ आठवा हिस्सा एका दिवसात गेला होता. आज ८० हजारांवरून तेवढेच ५७० अंश पडले तर पाऊण टक्कासुद्धा होत नाही, असं ते शांतपणे सांगतात. अशा माणसाला बातमीची मजा कशी येणार? भागाकार केला की ‘हाहाकार’ या शब्दातली हवाच जाते.

बातमीवर हात कसा चालवायचा ते ४ जून २०२४ च्या माझ्या पराक्रमावरून शिका. १ जूनच्या संध्याकाळी लोकसभेच्या मतदानोत्तर चाचण्या आल्या. सोमवारी, ३ तारखेला, बाजार उसळून निफ्टी २३,२६४ वर बंद झाला, आणि माझ्या निफ्टी इंडेक्स फंडात, म्हणजे निफ्टीबरोबरच वरखाली होणाऱ्या फंडात, हिशेबाला सोपे म्हणून समजा, बरोबर १० लाख रुपये होते. मंगळवारी मतमोजणी. भर दुपारी सेन्सेक्स सहा हजार अंशांहून जास्त खाली, आणि पट्टीवर ‘गुंतवणूकदारांचे लाखो कोटी बुडाले’. मी जेवणाचं ताट बाजूला सारलं आणि मोबाईलवर सगळे युनिट विकायला काढले. तीनच्या आत काढले हो! हुशारी बघा.

आता फंडाची एक गंमत आहे, ती मला त्या दिवशी ठाऊक नव्हती आणि तुम्हीही शक्यतो ठाऊक करून घेऊ नका. फंडाला दिवसाला एकच भाव असतो, तो बाजार बंद झाल्यावरचा. तीनच्या आधी विक्री टाकली की त्या दिवशीची एनएव्ही, म्हणजे एका युनिटचा भाव, मिळते; मग तुम्ही बाराला घाबरा की अडीचला, भाव तोच. म्हणजे दिवसभर पट्टीवर जे वरखाली झालं त्यातला एकही आकडा माझ्या व्यवहारात आला नाही. मी सहा तास ज्या सिनेमाचं तिकीट काढून बसलो होतो, त्यात माझी भूमिका फक्त शेवटच्या फ्रेममध्ये होती. निफ्टी २१,८८४ वर बंद झाला आणि माझ्या दहा लाखांचे साधारण ९ लाख ४० हजार झाले.

पैसे खात्यात यायला दोन कामाचे दिवस, म्हणजे गुरुवार उजाडला. तोवर बुधवारी बाजार वर, गुरुवारी आणखी वर. ‘चित्र स्पष्ट होऊ द्या,’ असं एक तज्ज्ञ म्हणाले, म्हणून थांबलो. शुक्रवारी, ७ तारखेला, चित्र इतकं स्पष्ट झालं की मी सगळे पैसे परत त्याच फंडात घातले. त्या दिवशी निफ्टी २३,२९० वर बंद झाला. काहीच केलं नसतं तर माझ्याकडे १० लाख १ हजार असते. केलं म्हणून ९ लाख ४० हजार. चार दिवसांत साठ हजार रुपये, शिवाय जे युनिट वर्षाच्या आतले होते त्यांच्या नफ्यावर तेव्हाच्या नियमाने १५ टक्के कर. आणि मी एकही बातमी चुकवली नव्हती!

काका त्या मंगळवारी काय करत होते? आंबे पिकले का ते बघत होते. रागावून मी विचारलं, ‘काका, तुम्हाला काहीच वाटलं नाही?’

‘वाटलं की. वहीत बघितलं, आणि परत पेटी उघडली.’

ती वही म्हणजे एक शाळकरी, शंभर पानी. प्रत्येक फंडाला एक पान आणि पानावर तीन ओळी, त्याही खरेदीच्या दिवशीच लिहिलेल्या: हे पैसे कशासाठी, कोणत्या वर्षी लागणार, आणि कोणत्या कारणाने विकेन. तिसऱ्या ओळीत कारणं मोजकी. गरजेचं वर्ष जवळ आलं. फंडाने आपला स्वभाव बदलला. किंवा एप्रिलच्या वार्षिक हिशेबात शेअरचा वाटा ठरवलेल्या ६० टक्क्यांपासून पाचाहून जास्त सरकला. ‘निवडणूक’, ‘युद्ध’, ‘परदेशी संस्थांची विक्री’ हे शब्द वहीत कुठेच नाहीत. (परदेशी संस्था विकतात तेव्हा ते शेअर विकत कोण घेतं, असंही ते मला विचारतात. असल्या माणसाला चर्चेला बोलवू नये.)

बाकी त्यांचं वाचन म्हणजे रविवारी एक पेपर आणि महिन्यातून एकदा मेलवर येणारं एकत्रित खातेविवरण. त्यातही किंमत बघायची नाही. एसआयपीचे नवे युनिट जमा झाले का, एवढंच. भाव सांगणारी अॅपची सूचना बंद. फंड कंपनीचा मेल मात्र सगळ्यात वर. हे सगळं तुम्ही उलटं करा.

आणि एक गोष्ट आवर्जून करा. पुढच्या वर्षी फ्लॅटच्या ताब्याला द्यायचे पैसेही शेअरमध्येच ठेवा. मग काकांची वहीसुद्धा तुम्हाला वाचवू शकणार नाही, कारण त्या पैशांसाठी प्रत्येक लाल पट्टी खरोखरच तुमची असेल. धडधड हवी असेल तर ती अशी रास्त मार्गाने मिळवावी.

गेल्या आठवड्यात काका जिन्यात भेटले. ‘अहो, तुमच्या त्या दुसऱ्या फंडाचं पत्र आलं ना? मोठ्या कंपन्या सोडून वेगळ्याच धोरणाला निघालाय म्हणे. अशा वेळी एक्झिट लोड, म्हणजे बाहेर पडण्याचं शुल्क, न लावता बाहेर पडायला तीस दिवस देतात.’

मी वर येऊन मेल शोधला. ‘प्रमोशन्स’मध्ये होता, एका चपलांच्या सेलच्या आणि एका पिझ्झाच्या मध्ये. ‘योजनेच्या मूलभूत वैशिष्ट्यांतील बदल’. असलं शीर्षक कोण उघडणार? त्यात ना लाल रंग, ना उद्गारचिन्ह. मुदत आदल्या दिवशी संपली होती.

असो. गिफ्ट निफ्टी आत्ता तीस अंश वर आहे.